तेल महागलं, चकलीचा भाव वाढवायचाय: नेहमीच्या गिऱ्हाइकांना काय सांगायचं आणि तारीख कुठली द्यायची?

प्रश्न: गिरगावात माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. सत्तरेक घरं नेहमीची, शिवाय तीन दुकानांना पाकिटं देते. भाजणीची चकली ४८० रुपये किलो आहे. तेलाचा १५ किलोचा डबा १,८०० ला मिळायचा, तो आता २,२५० झालाय, धान्यही चढलंय. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि काहींनी ऑर्डरी आधीच दिल्यात. भाव वाढवल्याशिवाय भागणार नाही, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्या माणसांना हे कसं सांगू? आणि नवा भाव कुठल्या तारखेपासून लावू?

उत्तर:

ताई, मेसेज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवा आणि नवा भाव १ ऑक्टोबरपासून लावा. मात्र ही तारीख ऑर्डर देण्याची नव्हे, माल हातात पडण्याची असू द्या. मेसेजमध्ये जुना भाव, नवा भाव आणि एका किलोमागे खर्च किती रुपयांनी वाढला, हे तिन्ही आकडे हवेत. मी दादरला बरीच वर्षं हेच काम करते आहे आणि भाववाढीवरून गिऱ्हाईक बिनसताना पाहिलंय ते बहुतेक वेळा रकमेमुळे नाही, तर तारीख मोघम राहिल्यामुळे. म्हणून तारखेबद्दल जरा सविस्तर लिहिते. पण त्याआधी एका किलोचा हिशेब, कारण तो तयार नसेल तर मेसेजमध्ये लिहायला खरं काही हातात नसतं.

तेलाचा डबा २५ टक्क्यांनी वाढला म्हणून चकली २५ टक्क्यांनी वाढत नाही. तरी बरेच जण गिऱ्हाइकाला हाच आकडा सांगतात: "तेल २५ टक्के वाढलंय हो." समोरचा मनात लगेच ४८० चे ६०० करतो, घाबरतो, आणि मग तुम्ही ५०० म्हणालात तरी त्याला संशय येतो की आकडे कुठेतरी फिरवलेत. त्यापेक्षा तेलाची टक्केवारी बाजूला ठेवा आणि दहा किलो चकलीला नेमकं काय लागतं ते मोजा.

तेल कसं मोजायचं ते सांगते, कारण इथेच अंदाजपंचे चालतं. तळायला बसण्याआधी डबा वजन करून घ्या. मोहनाला घेतलेलं आणि कढईत ओतलेलं, दोन्ही तेल त्याच डब्यातून येऊ द्या. सगळे घाणे झाले की कढई पूर्ण गार होऊ द्या, तेल गाळा आणि पुन्हा वापरता येईल एवढंच परत वजन करा. काळं पडलेलं, टाकून द्यायचं तेल त्यात धरू नका, तो तुमचा खर्चच आहे. जेवढी तूट आली तेवढं तेल त्या दिवसाच्या चकलीला लागलं. भाजणीची चकली नीट जमलेली असेल तर दहा किलोमागे साधारण तीन किलो तेल जातं, त्यात मोहन आणि टाकाऊ दोन्ही आलं. साडेतीन-चार किलो जात असेल तर भाव वाढवण्याआधी कढईकडे बघा. तेल पुरेसं तापायच्या आत चकली सोडली की ती तेल पिते, आणि मोहन जास्त झालं तरी पिते. वाढीव भावाच्या पहिल्याच पाकिटाच्या तळाशी तेल जमलेलं दिसलं, तर तुम्ही कितीही चांगला मेसेज लिहिलेला असला तरी उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट डबा घेताना बघा. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण १५ लिटरमध्ये तेल भरतं साडेतेरा-पावणेचौदा किलोच. जुना डबा किलोचा आणि नवा लिटरचा असेल, तर तुमचा आजचा हिशेबच चुकेल. दोन्ही भाव किलोवर आणूनच तुलना करा.

आता तुमचे आकडे घेऊ. तेल किलोला १२० होतं, ते १५० झालं. तीन किलोमागे ९० रुपये वाढले. दहा किलो चकलीला भाजणी लागते साधारण सात किलो. तांदूळ, हरभराडाळ, उडीद, मूग, धणे-जिरे, दळण सगळं धरून तुमची भाजणी किलोमागे आठ रुपयांनी वाढली असं समजू, म्हणजे ५६ रुपये. तीळ, तिखट, ओवा वगैरेचे १४. हे झाले १६० रुपये, म्हणजे किलोमागे १६. पिशव्या आणि खोक्यांचे दोन धरा. एका किलोमागे खर्च वाढला १८ रुपयांनी, आणि त्यातले नऊ, बरोबर निम्मे, तेलाचे. भाजणीचा आठ रुपयांचा आकडा मी धरलेला आहे, तो तुमच्या वाण्याच्या बिलांवरून घाला. रीत मात्र हीच.

अठराच्या जागी वीस वाढवा. ४९८ रुपये किलो हा भाव कुणाच्या लक्षात राहत नाही आणि पाव किलोला सुट्ट्यांची भानगड होते. ५०० केलात की पाव किलो १२५, अर्धा किलो २५०. वरचे दोन रुपये कुठे जातात ते पुढे दुकानांच्या हिशेबात येईल. ते तुमच्या खिशात राहत नाहीत.

हाच हिशेब प्रत्येक पदार्थाचा वेगळा करा आणि मगच यादी ठरवा. कडबोळी चकलीसारखीच तेल पिते. पातळ पोह्यांच्या चिवड्याला फोडणीपुरतं आणि दाणे-खोबरं तळायला तेल लागतं, तिथे वाढ पाच-सहा रुपयांच्या आत बसेल. ती या वेळी सोसा आणि चिवड्याचा भाव आहे तोच राहू द्या. बेसनलाडवात तेल नाहीच. यादीत तीन पदार्थांचे भाव तेच आणि दोघांचेच वाढलेले दिसले, की वाचणाऱ्याला न सांगता कळतं की तुम्ही हिशेब करून वाढवलेत. सरसकट दहा टक्के लावणाऱ्याला ही पत मिळत नाही.

भाव तसाच ठेवून दुसरीकडून भरपाई करायचा मोह होतो, त्याबद्दलही थोडं. अर्ध्या किलोच्या पाकिटात साडेचारशे ग्रॅम भरणं आणि वजन नीट छापणं बेकायदा नाही, पण तुमचं गिऱ्हाईक तेच पाकीट वर्षानुवर्षं त्याच बरणीत ओततंय. बरणी भरली नाही की त्याला कळतं, आणि तेव्हा आपल्याला न सांगता हे केलं, हीच गोष्ट त्याच्या मनात राहते. सूर्यफूल सोडून पामतेलावर जाणं तर त्याहून वाईट. गार झालेली चकली खाल्ल्यावर टाळूला तुपकट थर राहतो, नेहमी खाणारा तो लगेच ओळखतो. शिवाय पाकिटावर घटकांमध्ये कुठलं खाद्यतेल वापरलं त्याचं नाव द्यावं लागतं, म्हणजे लेबलंही बदलायला हवीत. तेल आणि वजन दोन्हींना हात न लावता सरळ भाव वाढवा, आणि ते मेसेजमध्ये एका ओळीत लिहा.

आता तारीख. १ ऑक्टोबर मी हवेतून काढलेली नाही. तुमच्याकडे जुन्या भावाचं तेल किती शिल्लक आहे ते बघा. समजा चार डबे आहेत, म्हणजे ६० किलो. त्यात दोनशे किलो चकली निघते. तुमची सध्याची विक्री आठवड्याला साठ-सत्तर किलो असेल, तर ते तेल तीन आठवडे पुरेल. सात सप्टेंबरला मेसेज गेला तर महिनाअखेरीपर्यंत तुम्ही जुन्या तेलात तळलेली चकली जुन्या भावात विकत आहात. तुमचं नुकसान काही नाही आणि गिऱ्हाइकाला तीन आठवड्यांची सूचना मिळते. नवा डबा महाग घ्यायचा तर पैसे आजच्याच विक्रीतून उभे करायचे, म्हणून भाव आजच वाढवा, असं घाऊक व्यापारी सांगतील. त्यांच्या धंद्यात ते बरोबर आहे, कारण त्यांचा माल रोज फिरतो. घरगुती गिऱ्हाइकाला मात्र आज मेसेज आणि उद्यापासून नवा भाव ही अडवणूक वाटते. तुमच्याकडे एकच डबा उरला असेल तर तीन आठवडे परवडणार नाहीत. तेव्हा दहा-बारा दिवसांची सूचना द्या, पण त्याहून कमी नको. गणपतीच्या दिवसांत मेसेज पाठवू नका. शुभेच्छांच्या ढिगात तो बुडतो आणि नंतर "आम्हाला कळवलंच नाही" असं ऐकावं लागतं.

तारीख ऑर्डरीला लावायची की माल देण्याला, हा खरा कळीचा मुद्दा. "१ ऑक्टोबरपासून नवे भाव" एवढंच लिहिलंत, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ घेईल. कुणी म्हणेल मी ३० तारखेला फोन केला होता. कुणी म्हणेल पैसे सप्टेंबरातच पाठवले. आणि दिवाळीच्या तोंडावर यातून मोठा खड्डा पडतो. तारीख ऑर्डरीला लावली, तर हुशार गिऱ्हाईक ३० सप्टेंबरच्या आत दिवाळीची ऑर्डर नोंदवून मोकळं होईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही, तुम्हीच तसं लिहिलंय. सत्तर घरांनी सरासरी तीन किलो नोंदवली तर २१० किलो चकली तुम्ही नव्या तेलात तळणार आणि जुन्या भावात देणार. किलोमागे १८ रुपये म्हणजे ३,७८० रुपये, आणि ही नुसती चकलीची गोष्ट. भाव वाढवल्याचा वाईटपणा पदरी पडला आणि पैसे मात्र आलेच नाहीत, असं होतं.

म्हणून लिहायचं असं: "१ ऑक्टोबरपासून नेलेल्या किंवा घरपोच दिलेल्या मालाला नवा भाव." जो माल जुन्या तेलात झाला तो जुन्या भावात, जो नव्या तेलात झाला तो नव्या भावात, हे कुणालाही पटतं. परदेशी फराळ पाठवणारी घरं माल तशीही लवकर नेतात, त्यांना जुना भाव आपोआप मिळतो. त्यांना मुद्दाम कळवा, की पार्सल सप्टेंबरात नेलंत तर ४८० नेच. माणसं याची आठवण ठेवतात.

याला एकच अपवाद करायचा आणि तोही लिहूनच. तुमचा मेसेज जाण्याआधी ज्यांनी ऑर्डर दिली आणि तुम्ही ती भाव सांगून घेतली, त्यांना दिवाळीत माल दिला तरी जुनाच भाव. ॲडव्हान्स घेतलेला असो वा नसो. वहीत भाव लिहून "हो" म्हटलं की व्यवहार ठरला. अशा ऑर्डरी साठ किलोच्या असतील तर तुमच्या खिशातून १,०८० रुपये जातील. ते जाऊ द्या. या घरांना वेगळा मेसेज करा: "तुमची २ सप्टेंबरची तीन किलोची ऑर्डर ४८० नेच आहे, त्यापुढे काही वाढवलंत तर ५०० ने." आधीची ऑर्डर आणि वाढीव ऑर्डर यांची वहीत तेव्हाच वेगळी ओळ करा, नाहीतर धनत्रयोदशीला दारात उभं राहून हिशेब करावा लागतो.

दुसरी तारीखही द्या: हा भाव कधीपर्यंत राहणार. "दिवाळीच्या शेवटच्या ऑर्डरीपर्यंत भाव बदलणार नाही" हे वाक्य गिऱ्हाइकाला फार धीर देतं, कारण त्याची खरी भीती वीस रुपयांची नसते, पुढच्या महिन्यात आणखी वीस वाढतील की काय ही असते. पण हे वाक्य लिहिण्याआधी तेल घेऊन ठेवा. घरांची २१० किलो आणि दुकानांची धरून दिवाळीची चकली चारशे किलो झाली, तर तेल लागेल १२० किलो, म्हणजे आठ डबे. आजच्या २,२५० च्या भावाने १८,००० रुपये. सीलबंद डबे कोरड्या, सावलीच्या जागी दोन महिने सहज राहतात, फक्त मुदत बघून घ्या. पैसे एकदम निघत नसतील तर निम्मे डबे घ्या, आणि मेसेजमध्ये "दिवाळीपर्यंत" ऐवजी "३१ ऑक्टोबरपर्यंत" लिहा. जेवढं तेल हातात आहे तेवढाच शब्द द्या.

मी पाठवला असता तो मेसेज असा:

"नमस्कार. भाजणीची चकली आणि कडबोळी यांचा भाव १ ऑक्टोबरपासून ४८० ऐवजी ५०० रुपये किलो होईल. (पाव किलो १२५, अर्धा किलो २५०.) तेलाचा १५ किलोचा डबा १,८०० वरून २,२५० झाला आहे आणि भाजणीचं धान्यही महागलं आहे. एका किलोमागे आमचा खर्च १८ रुपयांनी वाढला, त्यातले ९ तेलाचे. तेल, भाजणी आणि वजन पूर्वीचंच राहील. चिवडा, शेव आणि लाडू यांचे भाव बदललेले नाहीत.
३० सप्टेंबरपर्यंत नेलेल्या किंवा घरपोच दिलेल्या मालाला जुना भाव, १ ऑक्टोबरपासून नव्या भावाने. ७ सप्टेंबरआधी नोंदवलेल्या दिवाळीच्या ऑर्डरी जुन्या भावानेच दिल्या जातील. नवा भाव दिवाळीच्या शेवटच्या ऑर्डरीपर्यंत कायम राहील.
काही विचारायचं असेल तर दुपारी ३ ते ५ मध्ये फोन करा."

भाव पहिल्याच वाक्यात आहे, बघा. आधी चार ओळी आभार, मग महागाईचं रडगाणं आणि सगळ्यात शेवटी आकडा, असे मेसेज येतात तेव्हा माणूस पहिल्या ओळीपासूनच "आता भाव वाढणार" हे ओळखतो आणि बाकीचं चिडून वाचतो. "नाइलाजास्तव", "क्षमस्व" हेही नको. तुम्ही रास्त भाव मागताय, माफी मागितलीत की समोरच्याला वाटतं काहीतरी चुकीचं चाललंय आणि घासाघीस करायला जागा आहे. शेव माझ्या अंदाजाने यादीत घातली आहे, पण तिचा हिशेब करून बघा. शेवही तेल बरंच घेते, तिचा भाव वाढवावा लागला तर आत्ताच वाढवा. दोनदा मेसेज पाठवायची वेळ येऊ देऊ नका.

मेसेज ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला वेगळा जाऊ द्या. ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो पोहोचत नाही, म्हणून दोन दिवसांनी यादी तपासून उरलेल्यांना स्वतंत्र पाठवा. ग्रुपवर एकाने "फारच वाढवलंत" म्हटलं की बाकीचे दहा जण, जे गप्प राहून घेणार होते, तेही विचारात पडतात. मेसेज न वाचणाऱ्या आजी-आजोबांना आणि सगळ्यात जास्त माल घेणाऱ्या आठ-दहा घरांना मात्र त्याच दिवशी फोन करा. त्यांना ही गोष्ट शेजारणीकडून कळता कामा नये.

फोनवर एक प्रश्न हमखास येतो. माझ्याकडे पार्ल्याच्या एका काकू दरवर्षी सहा किलो घेतात. त्या म्हणाल्या, "अगं, मी इतक्या वर्षांची. माझ्यासाठी तरी जुनाच भाव ठेव." मी म्हटलं, "काकू, तुमच्याच मजल्यावरच्या दोन घरी माझी चकली जाते. तुम्हाला एक आणि त्यांना एक भाव लावला तर त्यांना मी काय तोंड दाखवू? तुम्ही असं करा, निम्मी तीस तारखेच्या आत घेऊन जा, ती जुन्या भावात बसते. महिनाभर डब्यात छान राहील." त्यांनी दोन किलो आधी नेली, चार नव्या भावाने. गुपचूप सवलत कुणालाच देऊ नका. मुंबईच्या एका इमारतीत ती आठवडाभरही गुपचूप राहत नाही.

दुसरा प्रश्न जीएसटीचा येईल. पॅकबंद, लेबल लावलेल्या फरसाणावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे लोकांच्या लक्षात आहे. "कर कमी झाला आणि तुम्ही भाव वाढवता?" तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल आणि तुम्ही जीएसटी लावतच नसाल, तर तेवढंच सांगा: आमच्या भावात हा कर कधी नव्हताच, आणि खाद्यतेलावरचा कर तेव्हाही ५ टक्के होता, आजही ५ आहे. नोंदणी असेल तर २५० च्या पाकिटात कर धरलेला आहे हे विसरू नका. वाढवलेल्या वीस रुपयांतला जवळपास एक रुपया सरकारकडे जातो.

दुकानांचं गणित वेगळं आहे आणि त्यांना पत्र वेगळं, घरांच्या मेसेजआधी दोन-तीन दिवस. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के घेत असेल, तर २४० च्या पाकिटावर तुम्हाला १९२ मिळतात आणि २५० च्या पाकिटावर २००. अर्ध्या किलोला आठ, म्हणजे किलोला सोळा. तुमचा खर्च वाढलाय अठराने. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक किलोवर तुम्ही दोन रुपयांनी मागेच राहता. घरांकडून घेतलेले वरचे दोन रुपये इथे खर्ची पडतात. दुकानासाठी २५५ छापण्याचा विचार मनात येईल, पण मग घरी ५०० किलो आणि दुकानात ५१० असं होईल आणि दुकानदार ते खपवून घेणार नाही. दोन्हीकडे एकच भाव ठेवा.

पाकिटावरच्या छापील किमतीचा नियम कडक आहे. २४० छापलेलं पाकीट १ ऑक्टोबर उलटला तरी २४० लाच विकावं लागतं, आणि वाढीव किमतीचं स्टिकर जुन्या किमतीवर चिकटवता येत नाही. किंमत कमी करताना स्टिकर चालतं, वाढवताना नाही. दुकानदाराला हे पत्रात लिहून द्या, कारण काही जण ३० तारखेला जुनी पाकिटं भरून ठेवतात आणि नंतर वरचे दहा रुपये घेऊ बघतात. गिऱ्हाईक भांडायला मात्र तुमच्याकडे येतं, कारण पाकिटावर नाव तुमचं असतं. यावर उपाय म्हणजे सप्टेंबरात प्रत्येक दुकानाला त्याच्या नेहमीच्या महिन्याच्या खपाएवढाच माल जुन्या भावात द्यायचा. नेहमी वीस पाकिटं घेणाऱ्याने ऐंशी मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. चार महिन्यांची चकली खवट होऊन परत येईल ती वेगळीच. नवी लेबलं छापताना एकक किंमतही बदला. अर्ध्या किलोच्या पाकिटावर ती ग्रॅममागे असते, ०.४८ ची ०.५० होईल. छापखान्यात हा आकडा नेहमी राहून जातो. आणि लेबलं महिन्या-दीड महिन्यापुरतीच छापा, थोडी महाग पडली तरी.

१ ऑक्टोबरनंतर काय होतंय हे एकूण गल्ल्यावरून कळत नाही, दिवाळीमुळे विक्री वाढतेच. वहीत नावापुढे मागच्या वर्षीचे किलो आणि या वर्षीचे किलो शेजारी लिहा. चारची तीन झालेली घरं थोडी असतील, ते चालतं. पण एखादं घर चकली शून्य आणि चिवडा तेवढाच घेत असेल, तर त्याने चकली दुसरीकडून घेतली आहे. त्यांना दिवाळीनंतर फोन करा, भावाबद्दल नव्हे, चकली कशी होती ते विचारायला. खूप घरांत असं दिसलं तर तुमच्या भागातला भावच खाली आहे, आणि पुढच्या वेळी हिशेबात मजुरी आणि गॅसकडे बघावं लागेल.

शेवटचा प्रश्न दिवाळीनंतर येईल: "तेल उतरलं, आता भाव उतरवा." तो रास्त आहे. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे सरकारने आयात शुल्क हलवलं की डबा हलतो. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं, तेव्हा गणपती बसलेले होते आणि दिवाळी दीड महिन्यावर होती. मे २०२५ च्या अखेरीस तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे हे दोन्हीकडे होतं. म्हणूनच मेसेजमध्ये "तेल उतरलं की भाव कमी करू" असं लिहू नका. वीसातले नऊच रुपये तेलाचे आहेत, धान्य उतरेलच असं नाही, आणि डबा शंभर रुपयांनी उतरला तर किलोमागे जेमतेम दोन रुपये सुटतात. डबा पुन्हा १,८०० च्या आसपास आला आणि दोन महिने तिथेच राहिला, तर किलोला दहा रुपये कमी करा, आणि तेही असंच, तारीख देऊन, सगळ्यांना कळवा.